पंधरा मिनिटं स्प्रिंट

शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन आली तेव्हा मी भाजी निवडत होते. तिच्या क्लासच्या सरावपत्रिकेत एक गणित होतं. एक फुटबॉलपटू ९० मिनिटांच्या सामन्यात ४५ मिनिटं ताशी ५ किलोमीटर वेगानं चालतो, ३० मिनिटं ताशी १० किलोमीटर वेगानं हळू धावतो आणि १५ मिनिटं ताशी २५ किलोमीटर वेगानं स्प्रिंट मारतो. तर त्यानं एकूण किती अंतर कापलं? तिनं तिन्ही वेगांची बेरीज करून तीननं भागलं होतं, आलेल्या सरासरीला दीड तासानं गुणलं होतं आणि उत्तर आलं होतं २० किलोमीटर. मागे छापलेलं उत्तर होतं १५. "काकू, माझं कुठे चुकलं ते सांगा ना," म्हणाली. मी तिला दाखवलं, की तू प्रत्येक वेगाला सारखाच वेळ दिलास, अर्धा अर्धा तास. तो तर अर्धी मॅच चालतोय आणि जेमतेम पंधरा मिनिटं जोरात पळतोय. प्रत्येक वेगाचं अंतर वेगळं काढायचं, पावणेचार, पाच आणि सव्वासहा, आणि मग बेरीज करायची. तिला लगेच कळलं. वही मिटून ती गेलीसुद्धा.

माझ्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. गणित बरोबर होतं, उत्तर बरोबर होतं, आणि तरी त्यात काहीतरी खुपत होतं. पंधरा मिनिटं स्प्रिंट? कोण मारतं पंधरा मिनिटं स्प्रिंट?

माझी आयुष्यातली बरीचशी वर्षं विम्याच्या आकड्यांत गेली, त्यामुळे बेरीज जुळली म्हणून आकडा खरा झाला असं मला कधीच वाटत नाही. ताशी २५ किलोमीटरनं पंधरा मिनिटं म्हणजे सव्वासहा किलोमीटर. पाच हजार मीटर शर्यतीचा पुरुषांचा विश्वविक्रम युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं २०२० साली मोनॅकोत केला, १२ मिनिटं ३५.३६ सेकंदांत. त्याचा वेग काढून पाहिला, तर ताशी चोवीसलाही थोडा कमीच भरतो. म्हणजे सरावपत्रिकेतला आमचा फुटबॉलपटू विश्वविक्रमापेक्षा जास्त वेगानं, त्याच्याहून सव्वा किलोमीटर जास्त पळतो. वर पाच किलोमीटर जॉग करतो, उरलेला वेळ चालतो, आणि मधेमधे फुटबॉलही खेळत असावा. तुकड्या-तुकड्यांत पळतो हे मान्य. तरीसुद्धा.

खुपण्याचं दुसरं कारण घरातलं होतं. माझा भाचा इथल्या एका क्लबकडून खेळतो, उजव्या बाजूनं, मिडफिल्डला. काही दिवसांपूर्वीच तो जेवताना तोंड पाडून बसला होता. कोच म्हणाले, तू पळत नाहीस. "मावशी, मी मेलो पळून, आणि हे म्हणतात पळत नाहीस." तेवढ्यात त्याला कुठूनतरी बळ आलं आणि तो म्हणाला, "मेस्सीपण चालतोच की." कोचना हे त्यानं तोंडावर सांगितलं होतं म्हणे. त्यावर त्यांचं उत्तर होतं, आधी मेस्सी हो, मग चाल.

पळणं मोजायची आमच्या घराण्याची एक जुनी पद्धत आहे, ती म्हणजे घाम. बाबा मला लहानपणी कूपरेजला रोव्हर्स कपच्या मॅचला न्यायचे. मफतलाल, ऑर्के मिल्स, कलकत्त्याहून आलेले मोठे संघ. मला गोल फारसे आठवत नाहीत. आठवतो तो कागदाच्या पुडीतल्या चण्यांचा गरम वास, मागच्या रांगेतून येणारा विडीचा धूर, समुद्राकडून येणारं चिकट वारं आणि बाबांचं एकच वाक्य, "त्याचा शर्ट बघ." ज्याचा शर्ट पाठीला चिकटला तो पळाला. ज्याच्या शर्टावर कोरडे पट्टे शिल्लक तो कामचुकार. मुंबईच्या हवेत हे मोजमाप किती फसवं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं, कारण नुसतं बसून राहिलेल्या बाबांचा शर्टसुद्धा पाठीला चिकटलेला असायचा. पण तसं बोलायची प्राज्ञा नव्हती. शिवाय मला त्या गमतीत गंमत वाटायची. आम्ही दोघं एकेक खेळाडू वाटून घ्यायचो आणि पूर्ण मॅच फक्त त्याच्याकडे बघायचो. चेंडू कुठे आहे याची पर्वा नाही. असं एकाच माणसाकडे पाहिलं, की फुटबॉल अगदी वेगळा दिसतो. तो माणूस बहुतेक वेळ काहीच करत नसतो. चालतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, मान वळवतो, चार पावलं जॉग करतो, पुन्हा चालतो. मग अचानक दोन-तीन सेकंद जिवाच्या आकांतानं पळतो, आणि चेंडू दुसऱ्याच कुणाकडे जातो.

आम्ही बापलेक करत होतो तेच काम लिव्हरपूलमध्ये एक माणूस नीट, शास्त्र म्हणून करत होता, हे मला खूप उशिरा कळलं. थॉमस रायली त्याचं नाव. त्यानं आणि व्ही. थॉमस या सहकाऱ्यानं १९७६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातला पायाचा दगड मानतात. पद्धत साधी होती. स्टँडमध्ये बसायचं, एव्हर्टनचा एक खेळाडू निवडायचा आणि टेपरेकॉर्डरमध्ये धावतं वर्णन बोलत राहायचं, की आता चालला, आता जॉग, आता स्प्रिंट, आता मागे सरकतोय. आधी त्या खेळाडूचं प्रत्येक चालीतलं पाऊल किती लांब पडतं ते मोजून ठेवलेलं. मग टेप ऐकून हिशेब. सरासरी अंतर निघालं सुमारे ८.७ किलोमीटर. त्यात साधारण पाव हिस्सा चालण्याचा, तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त जॉगचा, पाचवा हिस्सा बऱ्यापैकी वेगानं धावण्याचा आणि स्प्रिंटचा अकरा टक्क्यांच्या आसपास. चेंडू पायाशी असताना कापलेलं अंतर तर दोन टक्केसुद्धा नव्हतं. म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या आत. ज्याच्यासाठी माणूस तिकीट काढून येतो ते अख्ख्या मॅचमध्ये इतकंच. पुढे १९९१ साली डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो आणि सहकाऱ्यांनी व्हिडिओ लावून तेच मोजलं. अंतर आलं १०.८ किलोमीटर. पण त्यांनी वेळही मोजला होता, आणि मला त्यातच जास्त रस होता. खेळाडू मॅचचा सहावा हिस्सा नुसता उभा असतो आणि चाळीस टक्के वेळ चालत असतो. जोरात पळण्याचा वेळ सगळा मिळून आठ टक्के, आणि त्यातला खरा स्प्रिंट एका टक्क्याच्या आतबाहेर.

नव्वद मिनिटांचा एक टक्का म्हणजे चोपन्न सेकंद.

सरावपत्रिकेत पंधरा मिनिटं, प्रत्यक्षात पन्नासेक सेकंद. तेव्हा मी ठरवलं, की भाच्याची एक मॅच आपणच मोजायची. कोच बरोबर की भाचा, ते तरी कळेल.

आधी वेग हवेत. पुस्तकातले वेग घेऊन चालत नाही, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. पण फुटबॉलच्या मैदानावर मोजपट्टी आधीच आखलेली असते. मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं, म्हणजे आरपार १८.३ मीटर. बॉक्सची रेषा गोललाइनपासून १६.५ मीटरवर. खेळाडू त्या रेषांवरून जातो तेव्हा स्टॉपवॉच दाबायचं, बस. भाचा वर्तुळ चालत ओलांडायला तेरा सेकंद घेत होता, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. बॉक्सची लांबी जॉग करत साडेसहा सेकंदांच्या जरा वर, म्हणजे ताशी ९. चेंडूमागे नीट धावताना चार सेकंद, ताशी १५. आणि जीव तोडून पळताना अडीच सेकंद, म्हणजे ताशी २४ च्या जवळपास. प्रत्येक गोष्ट बऱ्याचदा मोजली आणि मधला आकडा धरला. शेवटचा आकडा सगळ्यांत कच्चा. अडीच सेकंदांत माझं बोट पाव सेकंद चुकलं, तरी वेग दहा टक्क्यांनी हलतो. पण त्याची मी फिकीर केली नाही. का ते पुढे येईलच.

मग मॅच. रायलीनं टेपरेकॉर्डर वापरला, मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि ओढणीआडून बोलायला सुरुवात केली. उभा. चाल. चाल. जॉग. उभा. रन. चाल. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ पहिली दहा मिनिटं माझ्याकडे बघत होते, मग उठून दुसरीकडे बसले. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. खेळाडू दर चार-पाच सेकंदांनी चाल बदलतो. मॅचभरात असे हजाराच्या वर बदल होतात. गोल झाला तेव्हा सगळे उभे राहिले आणि मला माझा माणूस दिसेना. वाकून बघेपर्यंत काही सेकंद गेलेच. शिवाय पहिल्या हाफमध्ये पावसाची एक सर येऊन गेली, सगळ्यांनी छत्र्या उघडल्या. पण घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकत, थांबवत, पुन्हा मागे नेत मी प्रत्येक चालीचे सेकंद वेगळे केले. दोन-तीन संध्याकाळी त्यात गेल्या. दोन्ही हाफ मिळून खेळ ९१ मिनिटांचा झाला होता. त्यात भाचा १४ मिनिटं उभा होता, ४२ मिनिटं चालत होता, २६ मिनिटं जॉग, ८ मिनिटं धावणं आणि स्प्रिंट एक मिनिट. सगळे मिळून वीस स्प्रिंट, प्रत्येकी तीन सेकंदांचे.

पुढचा हिशेब त्या सातवीतल्या मुलीच्या गणितासारखाच, फक्त मी तो ताशी किलोमीटरमध्ये करत नाही. मिनिटं आणि तास एकत्र आले, की साठनं भागायचं कुणीतरी विसरतंच. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १०० मीटर, एवढं एक लक्षात ठेवलं, की सगळं तोंडी होतं. ताशी ९ म्हणजे मिनिटाला १५० मीटर, १५ म्हणजे २५०, २४ म्हणजे ४००, आणि ५ म्हणजे ८३ च्या जरा वर. आता चालणं ४२ मिनिटं, साडेतीन हजार मीटर. जॉग २६ मिनिटं, तीन हजार नऊशे. धावणं ८ मिनिटं, दोन हजार. स्प्रिंट एक मिनिट, चारशे. उभं राहिल्याचं शून्य. एकूण ९,८०० मीटर. चर्चगेट ते दादर लोकलनं साधारण तेवढंच अंतर आहे.

आता या ९,८०० ला ९१ मिनिटांनी भागा. मिनिटाला १०८ मीटर. ताशी साडेसहा किलोमीटर. सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती झपझप चालणाऱ्या आजोबांचा वेग यापेक्षा फार कमी नसतो. मॅच संपल्यावर गवतावर आडवा पडलेला, पोटऱ्यांत गोळे आलेला, तीन बाटल्या पाणी रिचवूनही तहानलेला मुलगा. आणि त्याचा सरासरी वेग हा! मी तो आकडा परत परत तपासला. आकडा बरोबर होता. थकवा सरासरीत उतरत नाही एवढंच. माणूस दमतो ते वीस वेळा शून्यातून चोविसावर जाण्यानं, तिथून पुन्हा थांबण्यानं, वळण्यानं, उडी मारण्यानं. आणि या हिशेबात थांबण्याला, वळण्याला, उडीला रकानाच नाही.

रकाने बघत बसले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. समजा, चालण्याचा वेग मी ताशी ५ ऐवजी ६ धरला असता. चालणंच ते, कितीसा फरक पडतो, असं वाटेल. पण ४२ मिनिटं गुणिले मिनिटाला सतरा मीटर, म्हणजे सातशे मीटर वाढले असते, आणि भाचा साडेदहा किलोमीटरवाला झाला असता. उलट स्प्रिंटचा वेग २४ ऐवजी अगदी २८ धरला तरी वाढतात फक्त ६७ मीटर. म्हणून मी त्या पाव सेकंदाची फिकीर केली नव्हती. एकूण अंतराचं खरं-खोटं चालण्याच्या रकान्यात ठरतं. तसंच रेकॉर्डिंग ऐकताना चाल की जॉग असा संशय आला आणि चार मिनिटं इकडची तिकडे गेली, तर पावणेतीनशे मीटर हलले. कुणी मला एखाद्या खेळाडूचं अंतर सांगितलं, तर आता मी विचारते, चालण्याचा वेग काय धरलाय? लोक मला चक्रम समजतात. समजोत.

आणखी एक सापळा स्प्रिंटमध्येच आहे. टीव्हीवर खेळाडूचा वेग दाखवतात, ताशी ३२, ३३. तो त्याचा त्या क्षणीचा सर्वांत जास्त वेग असतो. तीन सेकंदांच्या स्प्रिंटमधला बराचसा वेळ तिथे पोचण्यातच जातो. तो वरचा आकडा घेऊन स्प्रिंटच्या मिनिटांना गुणलं, तर अंतर फुगतंच. एकूण बेरजेत ते खपून जातं, पण कुणी नुसतं स्प्रिंटचं अंतर सांगत असेल, तर तिथे चौथा हिस्सासुद्धा हवेतला असू शकतो.

नंतर क्लबला कुणीतरी वापरून बघायला म्हणून ती जीपीएसची बनियनं दिली. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे एक छोटी डबी बसते, आणि ती सेकंदाला दहा वेळा आपण कुठे आहोत ते टिपते. अशी साधनं अधिकृत सामन्यात घालायला फुटबॉलचे नियम २०१५ पासून मुभा देतात. मी त्या मॅचलाही रेकॉर्डिंग केलं. भाच्याचा खेळ आधीच्या मॅचसारखाच होता, माझी बेरीजही पुन्हा ९.८ च्या आसपासच आली. डबी म्हणाली १०.३. पाचशे मीटरचा फरक.

मला राग आला, हे सांगायला हरकत नाही. दोन दिवस मी त्या डबीच्या मागे होते. जीपीएसची जागा कधीच अगदी स्थिर नसते. उंच इमारती आणि झाडं यांच्यावरून आपटून आलेले संदेश तिला मीटर-दोन मीटर इकडेतिकडे हलवतात, आणि कूपरेजच्या भोवती दोन्ही भरपूर. ओळखायची युक्ती सोपी आहे. डबी चालू करून अर्धा तास बाकावर ठेवून द्यायची आणि ती किती चालली ते बघायचं. भाच्यानं ठेवून बघितली, तर बाकावर पडल्या पडल्या ती थोडीशी चाललीच. पण थोडीशी. पाचशे मीटर नव्हे.

बाकीचा फरक मला रेकॉर्डिंग ऐकताना सापडला. 'उभा' म्हणून मी जिथे बोलले होते, तिथे भाचा खरंच उभा होता का? थ्रो-इनची वाट बघताना तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता, समोरच्या खेळाडूबरोबर दोन पावलं डावीकडे, एक मागे, पुन्हा उजवीकडे. लांबून बघणाऱ्याला ते उभं राहणंच. सेकंदाला अर्धा मीटर एवढी चुळबुळ धरली, तर चौदा मिनिटांत ४२० मीटर होतात. डोळा त्याला शून्य म्हणतो, डबी प्रत्येक पाऊल मोजते. फुटबॉलमधलं उभं राहणं आणि रांगेतलं उभं राहणं एक नव्हे. आमच्या दोघींचा तंटा तिथे मिटला.

पण भाच्याचं लक्ष त्या बेरजेकडे नव्हतंच. डबीच्या कागदावर स्प्रिंटसमोर आकडा होता ३. माझ्याकडे वीसच्या घरात होते. "मावशी, तीन?" त्याचा आवाज फाटला होता. मी कारण शोधलं, ते असं, की या यंत्रांत साधारणपणे ताशी २५.२ किलोमीटरच्या वर गेलं तरच स्प्रिंट. असा विचित्र आकडा का, म्हणून मी भागून बघितलं, तर तो सेकंदाला बरोबर ७ मीटर निघाला. त्याच्या खालची १९.८ ची पायरी म्हणजे सेकंदाला साडेपाच, १४.४ म्हणजे चार, ७.२ म्हणजे दोन. कुणीतरी सोयीचे आकडे धरून रेषा मारल्या आणि त्या तासांत बदलल्यावर अशा अपूर्णांकात दिसू लागल्या. बड्या लीगमधल्या खेळाडूंसाठी त्या रेषा ठीक. आमचा मुलगा सगळी ताकद लावून २४ ला पोचतो, आणि यंत्राच्या लेखी तो नुसता धावत असतो. माझ्या डोळ्याला त्याचं पुढे झुकलेलं अंग दिसतं, हातांचा झपाटा दिसतो, म्हणून मी स्प्रिंट म्हणते. ती डबी ताकद मोजत नाही, वेग मोजते. रेषा जराशी खाली आणली असती तर तीनाचे पंधरा झाले असते, आणि एकूण अंतर एका मीटरनंही हललं नसतं. मी हे सगळं त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याला पटलं, पण बरं वाटलं नाही. वीस वेळा जीव तोडायचा आणि कागदावर तीन, हे पटवून घेण्यासारखं नसतंच.

तरी त्याला वाटत होतं, की आता कोचसमोर १०.३ चा आकडा ठेवला की तोंड बंद. मी त्याला सांगितलं, नको. कारण मधल्या काळात मी आणखी वाचलं होतं. मोर, क्रुस्ट्रुप आणि बांग्सबो यांनी २००३ साली अव्वल दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूंची त्यांच्याहून एक पायरी खालच्या व्यावसायिकांशी तुलना केली. एकूण अंतर १०.८६ किलोमीटर विरुद्ध १०.३३. जेमतेम पाच टक्के फरक. पण अव्वल खेळाडूंचं जोरात धावणं २८ टक्के जास्त होतं, आणि स्प्रिंट ५८ टक्के जास्त. दोघांनाही मैदानभर दहा-अकरा किलोमीटर फिरावंच लागतं, खेळच तसा आहे. चेंडू सरकला की सगळे सरकतात. फरक आहे तो त्या एका मिनिटाच्या रकान्यात, जो माझ्या बेरजेत जेमतेम चार टक्के भरतो. भाच्याच्याच संघातला मधला मिडफिल्डर त्याच्यापेक्षा नेहमी जास्त किलोमीटर कापतो, कारण त्याला दोन्ही बॉक्सच्या मधे येरझाऱ्या घालायच्या असतात. मागचा सेंटर बॅक कमी कापतो. म्हणून पहिला मेहनती आणि दुसरा आळशी होत नाही. बाबांच्या शर्टाच्या मोजमापासारखाच हाही आकडा, फक्त दशांश चिन्ह असलेला.

पण माझी हिशेबाची वही त्यानं माझ्या नकळत कोचना दाखवलीच.

कोच हुशार माणूस निघाले. एकूण बेरजेकडे त्यांनी बघितलंही नाही म्हणे. मी पहिल्या मॅचचे हाफप्रमाणे रकाने पाडले होते, ते त्यांनी बोट ठेवून वाचले. पहिला हाफ ५.१ किलोमीटर, दुसरा ४.७. ठीक, सगळ्यांचंच होतं असं. मग स्प्रिंट. पहिल्या हाफमध्ये बारा, दुसऱ्यात आठ, आणि त्या आठांतले शेवटच्या पंधरा मिनिटांत फक्त दोन. जॉगची मिनिटं कमी झाली आणि ती सगळी उभं राहण्याकडे आणि चालण्याकडे गेली. "तू पळत नाहीस असं मी म्हणालो ते हेच," कोच म्हणाले. "सत्तर मिनिटांनंतर." आणि पुढच्या मॅचला सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर काढून एका ताज्या मुलाला आत पाठवलं. त्यांनी तो २००३ चा अभ्यास वाचला असेल असं मला वाटत नाही, पण त्यातही नेमकं तेच आहे. नव्यानं आत आलेले खेळाडू शेवटच्या पंधरा मिनिटांत जोरात धावण्याचं अंतर पूर्ण मॅच खेळलेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त कापतात.

मी स्टँडमध्ये फोन तोंडाशी धरून बसले होते. भाचा टचलाइनवरून चालत बाहेर आला, ताशी पाचानं, मी सवयीनं 'चाल' म्हणालेसुद्धा. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आपण ज्याची बाजू मांडायला निघालो त्याच्याविरुद्धच पुरावा गोळा करून दिला, असं वाटलं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, आपली वही कुणीतरी इतकी नीट वाचली याचा आनंदही होत होता. रेकॉर्डिंग बंद करावं असं मनात आलं. पण तो नवा मुलगा आत येताच पहिल्याच मिनिटात उजव्या बाजूनं सुटला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, स्प्रिंट.

चर्चगेटला स्लो ट्रेन मिळाली. भाचा खिडकीत बसला, बॅग मांडीवर, कानात हेडफोन. मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, एक शब्द नाही. मुंबई सेंट्रलला गर्दी चढली, मी त्याच्याकडे सरकले, त्यानंही जागा करून दिली, पण बाहेरच बघत. लोअर परळ गेल्यावर त्यानं एका कानातला हेडफोन काढला.

"त्याचे किती झाले?"

"वीस मिनिटांत सात."

त्यानं बराच वेळ काही हिशेब केला. मला वाटतं, सातला वीसनं भागून नव्वदनं गुणत होता, आणि मी त्याला सांगणार होते की असं करायचं नसतं, ताज्या माणसाची वीस मिनिटं पूर्ण मॅचवर पसरवता येत नाहीत. पण तोच म्हणाला,

"आणि उभा किती वेळ होता, ते पण सांग."